‘देव एकच’ म्हणजे नेमके काय?
सिस्टर सारा ग्रँट यांच्या ग्रंथाचा परिचय व परामर्श

‘टुवर्ड्स ॲन ऑल्टरनेटिव्ह थिऑलॉजी: कन्फेशन्स ऑफ अ नॉन-ड्यूअलिस्ट ख्रिश्चन’
लेखिका: सिस्टर सारा ग्रँट, एशियन ट्रेडिंग कॉर्पोरेशन, बंगळूर, 1991

कर्जत-खालापूरच्या परिसरात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना एक वाक्य वारंवार ऐकावे लागते: ‘शेवटी देव एकच ना!’ महडच्या वरदविनायकाचा प्रसाद घेऊन आलेले शेजारी ते प्रेमाने म्हणतात. मिश्र विवाहाच्या बैठकीत दोन्हीकडचे वडीलधारे ते समजुतीच्या सुरात म्हणतात. आपली माणसे यावर दोनपैकी एक उत्तर देतात. काहीजण संकोचाने ‘हो, एकच’ म्हणून विषय मिटवतात. काहीजण ‘नाही, आमचा देव वेगळा’ असे म्हणून शेजाऱ्याला दुखावतात. पहिल्या उत्तरात आपली श्रद्धा सांगायची राहून जाते, तर दुसऱ्या उत्तरात समोरच्याला काय म्हणायचे होते ते ऐकायचे राहून जाते. ‘एक’ या शब्दाचा अर्थ शेजाऱ्याच्या परंपरेतील सर्वांत काटेकोर विचारवंताने कसा लावला आहे, याची चौकशी करणारा एक ग्रंथ पुण्यात राहून लिहिला गेला. त्याचा परिचय वाचकांना करून द्यावा आणि तो कोठवर पोचतो व कोठे थांबतो याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लेखिका सिस्टर सारा ग्रँट या सेक्रेड हार्ट संस्थेच्या धर्मभगिनी. त्या 1956 साली भारतात आल्या. मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि त्या विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते व तेथे त्यांनी आचार्यपद भूषविले. हा आश्रम मूळचा अँग्लिकन. जॅक विन्स्लो यांनी 1927 साली त्याची स्थापना केली होती. सत्तरच्या दशकात अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी एकत्र येऊन त्याला नवे जीवन दिले. प्रस्तुत ग्रंथ म्हणजे लेखिकेने 1989 साली केंब्रिज येथे दिलेली ‘टीप व्याख्याने’ होत. 2002 साली अमेरिकेतील नॉत्र दाम विद्यापीठाने ब्रॅडली माल्कोव्स्की यांच्या प्रस्तावनेसह त्यांची पुन्हा आवृत्ती काढली. ग्रंथ लहान आहे. परंतु त्यातील मध्यवर्ती विचार समजायला धीर धरावा लागतो.

शीर्षकातील ‘कन्फेशन्स’ या शब्दाने आपल्या वाचकांचा गैरसमज होऊ नये. येथे पापनिवेदन अभिप्रेत नाही. संत ऑगस्टीन यांनी ज्या अर्थाने हा शब्द वापरला, त्या अर्थाने हे अंतःकरणातील वाटचालीचे निवेदन आहे. आपल्या मनाचा कल प्रारंभापासूनच अद्वैताकडे होता. देव ‘तेथे’ आणि मी ‘येथे’ अशी दोन वस्तूंसारखी मांडणी आपल्याला कधीच पुरेशी वाटली नाही, असे लेखिका सांगतात. भारतात आल्यावर शंकराचार्यांच्या भाष्यांत त्यांना या जाणिवेला शब्द देणारा विचार सापडला, आणि तो सापडताना आपल्याच परंपरेतील संत थॉमस अक्वायनस त्यांना नव्याने कळले. ग्रंथाचे सार या दोन विचारवंतांच्या भेटीत आहे.

ही भेट घडवून आणणारे तिसरे नावही सांगितले पाहिजे. बेल्जियमचे जेज्विट फादर रिचर्ड द स्मेट यांनी 1953 साली रोम येथे शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर प्रबंध सादर केला आणि नंतर अनेक वर्षे पुण्याच्या सेमिनरीत अध्यापन केले. शंकराचार्य जगाला निखळ भ्रम मानतात, हा रूढ समज त्यांच्या स्वतःच्या भाष्यांतून सिद्ध होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिस्टर ग्रँट यांनी हा धागा उचलला आणि एका प्रश्नावर लक्ष केंद्रित केले: जग आणि ब्रह्म यांच्यात शंकराचार्य कोणत्या प्रकारचे नाते मानतात?

हे नाते छांदोग्य उपनिषदातील माती आणि घट या दृष्टांताने उलगडते. कुंभार मातीचा घट घडवतो. घट मातीहून वेगळा आहे काय? नाही. त्यातील माती काढून घेतली तर घट म्हणून काहीही उरत नाही. शंकराचार्य येथे ‘अनन्यत्व’ हा शब्द योजतात. म्हणजे घट मातीहून ‘अन्य’ नाही. वाचकाची गफलत नेमकी येथे होते. ‘अन्य नाही’ याचा अर्थ ‘तोच आहे’ असा तो लावतो, आणि मग जग म्हणजेच देव, मी म्हणजेच देव असा निष्कर्ष काढतो. ही गफलत ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: वाक्य उलटे करून पाहावे. ‘घटाचे अस्तित्व मातीमुळे आहे’ हे खरे. ‘मातीचे अस्तित्व घटामुळे आहे’ हे खरे नव्हे. घट फुटला तरी माती राहते, आणि घट घडण्यापूर्वीही ती होतीच. म्हणजे हे नाते एकाच बाजूने अवलंबून असलेले आहे. तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात शंकराचार्य हाच मुद्दा स्पष्ट करतात. नामरूपांचा आत्मा ब्रह्म आहे, पण नामरूपे ब्रह्माचा आत्मा नव्हेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ते स्वतःच वाक्य उलटे करण्याची वाट बंद करतात.

आता संत थॉमस यांच्याकडे वळू. देव आणि सृष्टी यांचे नाते समजावताना ते एका खांबाचे उदाहरण देतात. आपण खांबाच्या एका बाजूला उभे असलो तर तो आपल्या उजवीकडे असतो. आपण पलीकडे गेलो की तो डावीकडे येतो. बदल आपल्यात झाला, खांबात काहीच झाले नाही. याच रीतीने सृष्टीचे देवाशी असलेले नाते सृष्टीच्या बाजूने खरेखुरे आहे. ती प्रत्येक क्षणी त्याच्यावर अवलंबून आहे. देवाच्या बाजूने मात्र ते अवलंबित्व नाही. सृष्टी निर्माण केल्याने देवात भर पडली नाही आणि ती नसती तर तो उणा झाला नसता. आठव्या शतकाच्या सुमाराचे भारतीय भाष्यकार आणि तेराव्या शतकातील इटालियन धर्मगुरू, दोघांनाही एकमेकांची काहीच माहिती नव्हती. तरी या एका मुद्द्यावर दोघे इतक्या जवळ येतात, हा सिस्टर ग्रँट यांचा खरा शोध आहे. आमच्या मते हा शोध टिकाऊ आहे.

यावर भाविक वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. देवाच्या बाजूने खरे नाते नाही, तर मग तो आपल्यावर प्रीती करतो याचा अर्थ काय? उधळ्या पुत्राचा बाप तर धावत गेला होता! या आक्षेपाचे उत्तर संत थॉमस यांच्याच विचारात आहे. गरजेतून जडणारे नाते आणि प्रीती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपण माणसे प्रेम करतो तेव्हा त्यात आपली गरजही मिसळलेली असते. देवाला आपल्याकडून काहीही मिळवायचे नाही, म्हणूनच त्याची प्रीती निखळ देण्याची आहे. असे पाहिले म्हणजे हा कोरडा वाटणारा सिद्धान्त प्रार्थनेच्या आड येत नाही. ग्रंथात या बाजूस आणखी जागा मिळाली असती, तर सामान्य वाचकाला मोठा आधार झाला असता.

दुसरी अडचण अधिक तांत्रिक आहे, पण टाळता येण्यासारखी नाही. माती ही घटाची सामग्री आहे. मग देव ही जगाची सामग्री आहे काय? आपली श्रद्धा सांगते की देवाने सृष्टी शून्यातून निर्माण केली, स्वतःचा अंश तोडून नव्हे. वेदान्तात ब्रह्माला जगाचे ‘उपादान कारण’ म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थ सर्रास ‘कच्चा माल’ असा केला जातो. फादर द स्मेट यांचे म्हणणे असे, की शंकराचार्यांच्या ठिकाणी हा शब्द जड सामग्री सुचवत नाही. वस्तूला आतून अस्तित्व देणारे कारण सुचवतो. हे मान्य केले तर अडचण बरीच हलकी होते. मात्र दृष्टांत हा दृष्टांतच असतो, हे विसरू नये. माती जड आहे, ती घटाला इच्छापूर्वक अस्तित्व देत नाही. आणि संत थॉमस यांचा खांब तर कोणालाच अस्तित्व देत नाही. दोन्ही दृष्टांत नात्याची एकच बाजू दाखवतात.

येथवर आम्ही लेखिकेसोबत आहोत. पुढील परीक्षणापूर्वी एक जुना महाराष्ट्रीय आवाज ऐकला पाहिजे. कारण ख्रिस्ती विचारवंतांनी अद्वैताचा नेहमी असाच स्नेहपूर्ण अर्थ लावलेला नाही. काशीत वाढलेले मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी 1848 साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात वेदान्ताची कठोर चिकित्सा केली. वेदान्ती पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा सत्तेच्या तीन पायऱ्या मानतात. दोरीवर भासलेला साप ही सर्वांत खालची पायरी, आपले रोजचे जग मधली आणि ब्रह्म सर्वांत वरची. गोऱ्हे यांचा प्रश्न सरळ होता: मधल्या पायरीवरची वस्तू आहे की नाही? असेल तर ब्रह्माखेरीज दुसरे काही आहे असे ठरते. नसेल तर तिला सत्ता कशाची? आणि पाप, पश्चात्ताप, तारण या गोष्टीही मधल्याच पायरीवर असतील, तर त्यांचे मोल काय राहिले?

हा प्रश्न एका ख्रिस्ती माणसाच्या अंतःकरणातून आलेला आहे. सिस्टर ग्रँट यांच्या ग्रंथाच्या आधारे त्याला असे उत्तर देता येते की, गोऱ्हे यांनी झोडपलेला वेदान्त मुख्यतः शंकराचार्यांनंतरच्या पंडितांनी रचलेला आणि काशीच्या पाठशाळांत शिकवला जाणारा होता. मूळ भाष्यांत ‘जग मुळीच नाही’ असे म्हणणे नसून ‘जग स्वतःच्या बळावर नाही’ असे म्हणणे आहे. हे उत्तर बलवान आहे. तरीही आमच्या मते त्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. दोरी-सापाचा दृष्टांत शंकराचार्यांच्या भाष्यांतही आहे. माती-घट आणि दोरी-साप या दोन दृष्टांतांपैकी कोणता मुख्य मानायचा, यावर सारा अर्थ अवलंबून आहे, आणि मठांत चालत आलेल्या परंपरेतील अनेक पंडित दुसऱ्याकडे झुकतात. संवादात समोरच्याच्या ग्रंथाचा आपल्याला भावलेला अर्थ सांगण्याचा अधिकार जरूर आहे. पण तो अर्थ समोरच्यालाही आपला वाटतो काय, हे विचारल्यावाचून संवाद अपुरा राहतो. या ग्रंथात शंकराचार्यांचे भाष्य बोलते. त्यांच्या आजच्या अनुयायांचा आवाज क्षीण आहे.

आता शेजाऱ्याच्या वाक्याला ही चिकित्सा लावून पाहू. ‘तुमचा येशू आणि आमचा विठोबा एकच’ असे कोणी म्हणाले, तर अद्वैताच्या काटेकोर भाषेत ते बरोबर ठरते काय? घट मातीचा, पणतीही मातीची. पण म्हणून घट म्हणजे पणती असे कोणी म्हणत नाही. पणतीत पाणी भरून चालत नाही आणि घटात वात लावून भागत नाही. मूळ एक असणे वेगळे, आणि एक रूप म्हणजेच दुसरे रूप असणे वेगळे. म्हणजे ‘सगळे सारखेच’ हे सोयीचे मत शंकराचार्यांच्या नावावर खपवता येत नाही. अद्वैताला अभिप्रेत असलेले ‘एक’ पहिल्या अर्थाचे आहे: सर्व अस्तित्वाचे मूळ एक आहे, आणि त्याच्यावाचून कशालाही स्वतःचे अस्तित्व नाही. या अर्थाने ‘देव एकच’ हे वाक्य ख्रिस्ती माणसाला मनापासून स्वीकारता येते. ते निकेयाच्या श्रद्धांगीकारातील पहिल्याच कलमात आहे.

परंतु खरा मतभेद येथूनच सुरू होतो, आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. अद्वैताच्या मांडणीत सर्व नावे आणि रूपे एका बाजूला पडतात, आणि नामरूपातीत ब्रह्म दुसऱ्या बाजूला. मग नाझरेथचा येशू कोठे? पंतय पिलाताच्या अमदानीत ज्याने दुःख सोसले, त्याला देह होता, मातृभाषा होती, गाव होते. अद्वैती त्याला अत्यंत आदराने नामरूपांत बसवील. आपली श्रद्धा मात्र म्हणते की त्या नामरूपात शब्द स्वतः देहधारी झाला. तो अनेक घटांपैकी एक घट नव्हे. पर्यायी ईशज्ञान मांडायचे असेल तर या दारातून आत जावेच लागते. सिस्टर ग्रँट त्याची दिशा दाखवतात, पण तीन व्याख्यानांच्या अवकाशात देहधारण आणि क्रूस यांचा विस्तार झालेला नाही. ग्रंथाची ही आम्हाला जाणवलेली सर्वांत मोठी उणीव आहे. यासंबंधी न्यायाने दोन गोष्टी नोंदल्या पाहिजेत. एक, लेखिकेने शीर्षकातच ‘कडे’ असा अर्थ असणारा शब्द योजला आहे. मुक्कामाला पोचल्याचा दावा केलेला नाही. दुसरी, ख्रिस्ताचे एकमेवत्व स्पष्ट करणारे ‘दोमिनुस येसुस’ हे निवेदन 2000 साली निघाले; त्याच्या शब्दांनी 1991 चा ग्रंथ तपासून लेखिकेवर ठपका ठेवणे योग्य होणार नाही. प्रश्न मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

आणखी एक मर्यादा आपल्या परिसरातून अधिक स्पष्ट दिसते. व्हॅटिकनने 1991 सालीच ‘संवाद व घोषणा’ हा दस्तऐवज काढून संवादाचे चार प्रकार सांगितले: एकत्र जगण्याचा, एकत्र कार्य करण्याचा, विचारवंतांमधील आणि आध्यात्मिक अनुभवाचा. हा ग्रंथ शेवटच्या दोन प्रकारांत मोडतो. परंतु कर्जत-खालापूरच्या गावांत आपला शेजारी शंकरभाष्य वाचत नाही. तो आषाढीला दिंडीत चालतो आणि हरिपाठ म्हणतो. वाड्यांवरील ठाकर बांधव वाघदेवाला मानतात. त्यांच्याशी बोलायला माती-घटाचा सिद्धान्त अपुरा पडतो. वारकऱ्याशी बोलायचे तर ज्ञानदेव जवळचे आहेत. ‘अमृतानुभवा’त त्यांनी अज्ञानाच्या सिद्धान्ताचे स्वतंत्र प्रकरणात खंडन केले, जगाला चैतन्याचा विलास मानले, आणि अद्वैतातही भक्तीला जागा ठेवली. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत, हेही आठवावे. मराठी ख्रिस्ती माणसाची वाट बहुधा ज्ञानमार्गापेक्षा भक्तिमार्गाने गेली आहे.

अरविंद निर्मळ यांनी 1981 साली बंगळूर येथे हाच आक्षेप अधिक धारदारपणे मांडला. भारतीय ख्रिस्ती ईशज्ञान ब्राह्मणी परंपरेशीच बोलत राहिले आणि ख्रिस्तसभेतील बहुसंख्य दलित-शूद्र माणसांचा अनुभव त्यात आला नाही, अशी त्यांची तक्रार होती. एका ग्रंथाने दुसरा ग्रंथ व्हावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि सिस्टर ग्रँट यांनी आपला विषय प्रारंभीच मर्यादित केला आहे. तथापि जो ग्रंथ ‘पर्यायी ईशज्ञान’ असे नाव धारण करतो, त्याला ‘कोणासाठी पर्यायी?’ असे विचारण्याचा अधिकार वाड्यावस्त्यांवरच्या श्रद्धावंतांना निश्चितच आहे. याच पुण्याच्या आश्रमात 1927 साली आलेले व्हेरियर एल्विन 1932 मध्ये मंडला जिल्ह्यातील गोंडांकडे गेले. पुढे त्यांनी ख्रिस्तसभा सोडली, ही खेदाची बाब. तथापि एकाच अंगणातून दोन भिन्न वाटा निघू शकतात, हे त्यावरून कळते.

समारोपादाखल आमचे मत थोडक्यात सांगतो. शंकराचार्य आणि संत थॉमस यांच्या विचारांतील एकतर्फी अवलंबित्वाचे साम्य या ग्रंथाने नेमके पकडले आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परंपरेला मोडतोड केलेली नाही. अशी सचोटी संवादावरील लेखनात विरळ असते. देहधारणाचा प्रश्न त्याने अर्ध्यावर सोडला आहे, आणि भक्तिपरंपरा व श्रमिकांची श्रद्धा त्याच्या कक्षेबाहेर राहिली आहेत. धर्मग्रामातील ज्यांचे इंग्रजी वाचन चांगले आहे, विशेषतः महाविद्यालयात शिकणारी आपली मुले, त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र पहिला भाग ओलांडल्यावर घाई न करता माती-घटाच्या विवेचनापाशी दोन दिवस थांबावे. ज्यांना तो मिळणार नाही किंवा झेपणार नाही, त्यांनी निदान वाक्य उलटे करून पाहण्याची कसोटी लक्षात ठेवावी. कोणी ‘एकच’ म्हणाले, तर तो मुळाविषयी बोलतो आहे की रूपांविषयी, हे आधी प्रेमाने विचारून घ्यावे. मुळाविषयी बोलत असेल तर त्याच्याशी मनापासून सहमत व्हावे. रूपांविषयी बोलत असेल, तर प्रभू येशूविषयी आपल्याला जे सांगायचे आहे ते नम्रपणे, पण पूर्ण सांगावे.